मुलाखतीत डोकं कोरं पडतं तेव्हा

समजा, साताऱ्याची एक मुलगी चंदीगडच्या राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कमध्ये एका कंपनीत मुलाखतीला बसली आहे. समोर दोघे जण आहेत आणि हातात मार्कर. प्रश्न सोपा आहे : ४, ११, ७, २, १५ असे आकडे दिलेत, त्यांतल्या कोणत्या दोघांची बेरीज ९ होते ते शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा. असलं गणित तिने हॉस्टेलवर कितीतरी वेळा सोडवलंय. पण बोर्डासमोर उभी राहिली आणि काही म्हणता काही आठवेना. तळहात ओले, घशाला कोरड.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी सेक्टर १२ मधल्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात काय किंवा पुण्या-सांगलीत काय, प्लेसमेंटला बसणाऱ्या मुलांना तो सांगावा लागत नाही. त्याबद्दलचे गैरसमज मात्र त्या अवघडलेल्या मिनिटापेक्षा जास्त नुकसान करतात.

गैरसमज : आठवलं नाही, म्हणजे तयारीच कच्ची होती.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने मुलाखतकारासमोर, मोठ्याने बोलत, बोर्डावर प्रश्न सोडवला. दुसऱ्या गटाने बंद खोलीत, एकट्याने, बोर्डावरच सोडवला. कुणीतरी पाहत असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना प्रश्न सुटला. मुलाखतकारासमोर एकीलाही सुटला नाही. संख्या लहान असल्याने या आकड्यांवरून फार ताणू नये, पण नुसतं कुणी बघत असणं केवढं भारी पडतं ते यातून दिसतं.

कारण आपल्या तात्पुरत्या स्मरणाची जागाच लहान आहे. माणूस एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मनात धरू शकतो. ‘हे काय म्हणत असतील’, ‘वेळ संपत आला’, ‘घरी काय सांगू’ हे तीन विचार आत शिरले, की गणिताला उरतं काय? माहिती कुठे गेलेली नसते, तिच्यापर्यंत पोचायची वाट अडलेली असते. मुलाखत संपवून जिना उतरताना उत्तर आठवलं, तर अडलं होतं ते धास्तीमुळे. रात्री शांतपणे बसूनही सुचलं नाही, तर तो विषय खरंच कच्चा आहे आणि त्याला अभ्यास हाच उपाय.

गैरसमज : आपण घाबरलोय हे समोरच्यांना लख्ख दिसतं.

वस्तुस्थिती : आतली धडधड बाहेर जेवढी दिसते असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा ती बरीच कमी दिसते. मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. पुढे २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली, तेव्हा त्यांची भाषणं अधिक चांगली झाली.

समोरच्यांच्या कोऱ्या चेहऱ्याचा अर्थही लावत बसू नये. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये माणसावर मुद्दाम ताण आणणारी एक चाचणी तयार झाली. तिचा पहिला भाग नोकरीच्या मुलाखतीतलं भाषण हाच आहे, आणि परीक्षकांनी चेहरा निर्विकार ठेवायचा असतो. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत मागे जायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कोरा चेहरा पाहून कुणाच्याही अंगावर काटा यावा, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. प्रत्यक्ष मुलाखतीत तो चेहरा बहुतेक वेळा फक्त नोंदी घेत असतो.

गैरसमज : आधी मन शांत करायचं, मगच उत्तर द्यायचं.

वस्तुस्थिती : धडधडतं काळीज हुकमाने थांबत नाही. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत काही जणांनी भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं म्हटलं, तर काहींनी ‘मला हुरूप आलाय’. दुसऱ्या गटाची भाषणं सरस ठरली. भीती आणि हुरूप या दोन्हींत शरीर सारखंच तापलेलं असतं. म्हणून त्याला थंड करण्यापेक्षा त्या अवस्थेचं नाव बदलणं सोपं जातं. एखादा लांब उच्छ्वास सोडायला हरकत नाही, पण शांत होण्याची वाट पाहत बसू नये.

गैरसमज : अडकलो हे दिसू द्यायचं नाही, आणि सर्वांत हुशार उत्तरच आधी सांगायचं.

वस्तुस्थिती : खरं नुकसान इथे होतं. पाच मिनिटं गप्प राहिलेल्या उमेदवाराबद्दल मुलाखतकाराच्या हाती लिहिण्यासारखं काही लागत नाही. आता त्या साताऱ्याच्या मुलीकडे परत जाऊ.

पहिलं काम, प्रश्न डोक्यातून बोर्डावर उतरवणं. ती आकडे लिहिते, शेजारी ‘बेरीज ९’ लिहिते आणि आपल्या शब्दांत प्रश्न पुन्हा सांगते. मग विचारते, “तोच आकडा दोनदा घेतला तर चालेल का?” या एका प्रश्नाने तिला अर्धं मिनिट मिळतं आणि एक खरी शंकाही फिटते. डोक्यातली जागा मोकळी होते ती इथे.

दुसरं काम, ओबडधोबड पण खात्रीची पद्धत सांगून टाकणं. “सगळ्या जोड्या तपासते. पाच आकड्यांच्या दहा जोड्या होतात.” उत्तर मिळतं : ७ आणि २. मग तीच पुढे म्हणते, “पण हजार आकडे असतील तर जवळपास पाच लाख जोड्या होतील. हे फार हळू चालेल.” आता बोर्डावर चालणारं एक उत्तर आहे आणि त्यातली उणीव तिने स्वतःच दाखवली आहे.

तिसरं काम, तेच हाताने पुन्हा करताना आपण काय करतो ते बघणं. ४ वर बोट ठेवलं तर जोडीला ५ हवा. तो अजून दिसलेला नाही, म्हणून ४ बाजूला टिपून ठेवला. ११ ला उणे २ हवा, तोही नाही, ११ टिपला. ७ ला २ हवा, अजून दिसला नाही, ७ टिपला. मग आला २, त्याला ७ हवा, आणि ७ तर टिपणात आहेच! हवा असलेला आकडा आधी दिसला का एवढंच बघायचं, म्हणजे एका फेरीत काम होतं. विसरलेली युक्ती तिला आठवावी लागली नाही, हाताखालून पुन्हा निघाली.

एवढं करूनही वाट सापडली नाही, तर नेमकी अडचण सांगावी : “जोड्या तपासायचं जमलंय, फेऱ्या कमी कशा करायच्या तिथे अडलेय.” अशा वाक्यावर मुलाखतकाराला इशारा देता येतो. ‘मला येत नाही’ म्हटल्यावर तो काय देणार? मात्र इशारा मिळाला की आपलं घोडं पुढे न दामटता तो आधी पडताळून बघावा.

या पायऱ्या ऐन वेळी आठवायच्या तर सराव एकट्याने करून भागत नाही. मुलाखतीच्या आधीचे पंधरा दिवस रोज एक प्रश्न उभं राहून, बोर्डावर किंवा भिंतीला चिकटवलेल्या कागदावर, मोठ्याने बोलत सोडवा. समोर मैत्रीण नाहीतर भाऊ बसवा, आणि त्याने मान डोलवायची नाही, हसायचंही नाही, असं आधीच सांगून ठेवा.