'च' आणि 'ही' : जोडून लिहायचे की सुटे?

नवीन पनवेलमधल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सूचना आली, असे समजा : 'भाडेकरूंनी ही वाहने तळमजल्यावर लावू नयेत.' आता प्रश्न पडतो, 'ही वाहने' म्हणजे कुठली? खाली फोटो नाही, यादी नाही. सचिवांना म्हणायचे होते, की मालकांना बंदी आहेच, आता ती भाडेकरूंनाही आहे. पण भाडेकरू म्हणू शकतो, की 'ही' म्हणजे कुठली वाहने ते तुम्ही सांगितलेच नाही. वाक्यातले एकही अक्षर चुकलेले नाही. चुकली आहे ती फक्त एक मोकळी जागा. 'भाडेकरूंनीही वाहने लावू नयेत' असे लिहिले असते, तर वाद उरला नसता.

नियम काय सांगतो?

जोर देणारा 'च' आणि 'सुद्धा' या अर्थाचा 'ही' नेहमी आधीच्या शब्दाला जोडून लिहायचा. मीच, मीही, घरातच, घरातही, येणारच, नाहीच. कारण सोपे आहे. हे दोन्ही शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत. त्यांच्यापासून वाक्य सुरू होत नाही आणि बोलताना त्यांच्याआधी आपण थांबतही नाही. शालेय व्याकरणात त्यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. इतर शब्दयोगी अव्ययांप्रमाणे ती शब्दाला चिकटतात, पण शब्दाचे रूप बदलत नाहीत. 'घोडा'चे 'घोड्यासाठी' होते, पण 'घोडाच' आणि 'घोडाही' म्हणताना घोडा तसाच राहतो. विभक्तीचा प्रत्यय असेल तर तो आधी आणि 'च' किंवा 'ही' त्याच्यानंतर : घोड्यालाच, घोड्यानेही.

हा 'ही' दीर्घच. जुन्या पुस्तकांत 'तोहि', 'मीहि' असे दिसते, पण आज प्रचलित असलेल्या, मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांप्रमाणे ते 'तोही', 'मीही' असेच लिहायचे.

मग घोळ 'ही'चाच का?

'च' सुटा लिहिला तर तो डोळ्यांना खुपतो, ओळ संपली तर बिचारा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा जाऊन बसतो; पण अर्थ सहसा बिघडत नाही, कारण सुटा 'च' हा आजच्या मराठीत वेगळा शब्दच नाही. 'ही'चे तसे नाही. 'ही मुलगी', 'ही वाहने' यातला 'ही' हा स्वतंत्र शब्द आहे, सर्वनाम आहे, आणि तो सुटाच लिहायचा असतो. म्हणजे येथे जागा सोडणे आणि न सोडणे, दोन्ही बरोबर असू शकते. फक्त अर्थ वेगळा होतो.

पनवेलचेच उदाहरण घ्या. 1852च्या जुन्या नगरपालिकेच्या जागी 1 ऑक्टोबर 2016 रोजी महापालिका आली. त्याबद्दल लिहिताना 'पनवेल महापालिका ही रायगड जिल्ह्यातील पहिली महापालिका' हे वाक्य बरोबर आहे. येथे 'ही' सर्वनाम आहे, महापालिकेकडे बोट दाखवणारे. नियम अर्धवट लक्षात ठेवून कुणी उत्साहाने ते जोडले, तर होते 'पनवेल महापालिकाही रायगड जिल्ह्यातील पहिली महापालिका'. म्हणजे आणखी कुणीतरी पहिली आहे आणि पनवेलसुद्धा पहिली! 'जोडूनच लिहा' एवढेच पाठ करणाऱ्यांकडून ही उलटी चूक होते, आणि माझ्या मते ती सुट्या 'ही'पेक्षा जास्त फसवी आहे, कारण ती शुद्ध दिसते.

ओळखायचे कसे?

आधी 'ही'च्या जागी 'सुद्धा' घालून पाहा. 'भाडेकरूंनीसुद्धा वाहने लावू नयेत' : अर्थ जमला, तर जोडा. 'पनवेल महापालिकासुद्धा पहिली' : जमला नाही, तर सुटे ठेवा.

शंका उरलीच तर दुसरी चाचणी अधिक पक्की आहे. नाम बदलून त्याचे लिंग बदला. 'महापालिका'ऐवजी 'शहर' घाला : 'पनवेल शहर हे...' येथे 'ही'चे 'हे' झाले. जो शब्द लिंगाप्रमाणे बदलतो तो सर्वनाम, म्हणून सुटा. सूचनेतल्या 'वाहने'ऐवजी 'गाड्या' घाला. तुम्हाला 'या गाड्या' म्हणावेसे वाटले, तर मूळचा 'ही' सर्वनाम होता. 'भाडेकरूंनीही गाड्या' असे म्हणताना 'ही' जागचा हलला नाही, तर तो जोडायचा 'ही'.

सुटे लिहिण्याची सवय कुठून आली?

एक कारण हातातल्या फोनचे. कीबोर्डने सुचवलेला शब्द आपण निवडला, की पुढे आपोआप जागा पडते. मग 'च' टाइप केला, की तो सुटाच राहतो. निवडीनंतर एकदा मागे जाऊन ती जागा खोडावी लागते. शब्द तपासणारी सोयही येथे फारशी उपयोगी नाही, कारण ती एकेक शब्द बघते, आणि 'भाडेकरूंनी' बरोबर, 'ही'ही बरोबर! लाल रेघ येणार कुठून?

दुसरे कारण शेजारच्या भाषेचे. हिंदीत 'ही' आणि 'भी' सुटे लिहितात. पनवेल स्थानकाच्या पाट्यांवर दोन्ही भाषा एकाच लिपीत एकमेकींखाली असतात, त्यामुळे डोळ्यांना तेच वळण पडते. त्यात अर्थाचाही खड्डा आहे. हिंदीतल्या 'मैं ही जाऊँगा'चे मराठी 'मीच जाईन' असे आहे. आपला 'मीही' म्हणजे त्यांचा 'मैं भी'. हिंदी सूचनेचे घाईत मराठी करताना 'ही' तसाच राहिला, तर 'फक्त' म्हणायचे असताना 'सुद्धा' होऊन बसते.

आणि तो हरवलेला अनुस्वार

'च'चा अर्थ बिघडतो तो एकाच ठिकाणी, आणि त्याचा जागेशी संबंध नाही. 'उद्या पनवेलच पाणी बंद' असा निरोप रोज कुठे ना कुठे फिरतो. लिहिणाऱ्याला 'पनवेलचं पाणी' म्हणायचे असते, अनुस्वार राहून जातो. कामोठ्यातला माणूस वाचतो : फक्त पनवेलमध्ये बंद, आपण पिंप भरायला नको. खरोखर 'फक्त पनवेल' म्हणायचे असेल, तर 'पनवेलचंच पाणी बंद' असे लिहावे लागेल. लेखी सूचनेत 'पनवेलचे' आणि 'पनवेलचेच' लिहिले, तर हा गोंधळ मुळातच होत नाही.

मोठा मजकूर तपासताना

मजकूर संगणकावर किंवा फोनच्या डॉक्युमेंट ॲपमध्ये असेल, तर शोधायच्या चौकटीत जागा, 'च' आणि पुन्हा जागा असे टाका. नुसती जागा आणि 'च' टाकलात, तर चहा, चार, चौक सगळेच समोर येतील. सापडलेले जवळपास सगळे सुटे 'च' डोळे झाकून जोडता येतात. वाक्याच्या शेवटचे, म्हणजे पूर्णविरामाआधीचे, मात्र वेगळे शोधा. 'ही'च्या बाबतीत 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. एकेक थांबून, 'सुद्धा'ची चाचणी लावूनच पुढे जा. 'काही ही', 'कोणी ही', 'कधी ही', 'तरी ही' हे बहुतेकदा जोडायचे असतात, पण तेही वाक्य पाहूनच जोडा. 'काहीही चालेल', 'कधीही या' यांत 'ही' सर्वनाम असण्याचा प्रश्नच येत नाही.

आकड्यांपुढे काय, असे विचारले जाते. '10 च सभासद' किंवा '10च सभासद' दोन्ही विचित्र दिसते. तेथे सरळ 'दहाच सभासद' लिहावे.