पॉवर बँकेचा फोटो पाठवताय? बारीक अक्षरांचाही पाठवा

गोंदिया स्टेशनबाहेरून घेतलेल्या पॉवर बँकेचा फोटो भाच्यानं पाठवला. "मामा, ओरिजनल आहे का?"

समोर मोठ्या अक्षरात २०,००० एमएएच. मागच्या बारीक मजकुरात ३.७ व्होल्ट, ३७ वॉट-अवर.

इथं गुणाकार करायचा. २०,००० गुणिले ३.७, भागिले १०००, म्हणजे ७४ वॉट-अवर हवे. ३७ म्हणजे १०,००० एमएएचच. मोठा आकडा बदलला, बारीक तसाच राहिला!

मात्र अस्सल २०,००० चीही 'रेटेड कपॅसिटी' साधारण १२,००० असते. सेलचे ३.७ व्होल्ट ५ पर्यंत वाढवताना एमएएच घटतात. त्यावरून नकली ठरवू नका.

मग खूण बघा. चार्जर आणि पॉवर बँकेवर बीआयएसच्या चिन्हासोबत 'आर-' आणि आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. भाच्याच्या पॉवर बँकेवर हेल्मेट-सिमेंटवर असतो तसला आयएसआय शिक्का होता, क्रमांक नव्हताच. क्रमांक असला तरी 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून ब्रँड आणि वस्तू जुळते का पाहा. दुसऱ्याचा क्रमांक सर्रास छापतात.

कव्हरची शिवण तपासायला बाजूनं टॉर्च मारून फोटो काढा. फट कुठं रुंद, कुठं बंद, कडेला वाळलेला गोंद किंवा पेचकसाचे ओरखडे दिसले, तर पॉवर बँक उघडून पुन्हा चिकटवलेली असू शकते. सरळ शिवण मात्र काहीच सिद्ध करत नाही. आतले सेल फोटोत दिसत नाहीत.

शंका असेल तर कमेंटमध्ये मागच्या बाजूचा फोटो टाका.