बीजांडाची दीर्घ प्रतीक्षा

चाळिशीच्या घरांतील स्त्रीस मूल झालें आणि तें बुद्धीनें मंद निघालें, कीं घरांतील वडीलधारी मंडळी कारण शोधूं लागतात. ग्रहण पाळलें नसेल, डोहाळे पुरविले गेले नसतील, नको तें खाल्लें असेल, पूर्वजन्मींचें कांहीं राहिलें असेल. आणि या सर्व ‘असेल’चा रोख अखेर त्या मातेवर येऊन थांबतो. अशा मुलांपैकीं ज्यांना डाऊनचा विकार असतो, त्यांच्यापुरतें तरी हें कारणशोधन चुकीच्या काळांत चाललेलें असतें. बहुतेक वेळां मूळ घटना गर्भ राहण्यापूर्वींच घडून गेलेली असते. आणि तिची पूर्वपीठिका त्या मातेच्या स्वतःच्या जन्माहूनहि जुनी असते. हें कसें, तें समजण्यास पुरुषाचें बीज आणि स्त्रीचें बीज कसें सिद्ध होतें, हें पाहिलें पाहिजे.

आपल्या स्मृतिकारांनीं पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र म्हटलें. क्षेत्र म्हणजे शेत. म्हणजे स्त्रीकडे स्वतःचें बीज नाहीं, असा त्या रूपकाचा अर्थ होतो. युरोपांतहि फार निराळी समजूत नव्हती. शुक्रजंतु सूक्ष्मदर्शकाखालीं 1677 सालीं दिसले. परंतु सस्तन प्राण्याचें बीजांड दिसावयास 1827 साल उजाडलें. त्या वर्षीं कार्ल फोन बेअर यानें कुत्रीच्या बीजकोशांत तें प्रथम पाहिलें. तेव्हांपासून क्षेत्राचें रूपक अपुरें ठरलें. बीज दोघांचेंहि असतें. पण तें घडविण्याची रीत मात्र दोघांची अगदीं वेगळी आहे.

समान आहे तें आधीं सांगतों. मनुष्याच्या प्रत्येक सामान्य पेशींत 46 गुणसूत्रें असतात. त्यांच्या 23 जोड्या. प्रत्येक जोडींतील एक आईकडून आलेलें, एक वडिलांकडून. दोन बीजें एकत्र आल्यावर संख्या पुन्हां 46 च राहावी, यासाठीं प्रत्येक बीजांत 23 च असलीं पाहिजेत. म्हणून बीज होणारी पेशी एक विशेष विभाजन करते. आधीं प्रत्येक गुणसूत्राची एक नक्कल तयार होते आणि ती मुळाला चिकटून राहते. मग पहिल्या विभाजनांत जोडीदार एकमेकांपासून दूर होतात, आणि दुसऱ्या विभाजनांत मूळ व नक्कल वेगळीं होतात. एकदां दुप्पट आणि दोनदां विभागणी, असा हा हिशेब आहे. यालाच अर्धसूत्री विभाजन म्हणतात.

पुरुषाच्या शरीरांत हें काम वयांत आल्यावर सुरू होतें आणि वृद्धापकाळापर्यंत चालूं राहतें. वृषणांत मूळ पेशींचा एक सांठा असतो. त्यांतील एक पेशी दुभागली, कीं एक अर्धी सांठ्यांत परत राहते आणि दुसरी पुढच्या मार्गाला लागते. त्यामुळें भांडवल न सरतां व्याज निघत राहतें. मार्गाला लागलेल्या पेशीपासून पूर्ण शुक्रजंतु होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. मध्यें कोठेंहि दीर्घ मुक्काम नाहीं. अर्धसूत्री विभाजनांत शिरलेल्या एका पेशीचे चार समान वाटे होतात व चारहि शुक्रजंतु बनतात. अखेरीस प्रत्येकजण आपल्या अंगचा बहुतेक रस टाकून देतो. उरतें तें गुणसूत्रांनीं भरलेलें डोकें, थोडें इंधन आणि शेंपूट. प्रवासाला निघालेल्यानें ओझें कमी करावें, तसें हें आहे.

स्त्रीच्या बाबतींत आरंभच निराळ्या काळीं होतो. मुलगी आईच्या पोटांत असते तेव्हांच तिच्या बीजकोशांतील बीजपेशी वाढतात. पांचव्या महिन्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ-सत्तर लक्षांपर्यंत जाते. मग त्यांतील बहुसंख्य जिरून जातात. जन्माच्या वेळीं दहा-वीस लक्ष उरतात, वयांत येईपर्यंत तीन-चार लक्ष. जन्मानंतर या सांठ्यांत भर पडत असल्याचा खात्रीचा पुरावा नाहीं. उभ्या आयुष्यांत परिपक्व होऊन बाहेर पडणारीं बीजांडें चारशेंच्या आंतबाहेर असतात.

या पेशींनीं अर्धसूत्री विभाजनास आरंभहि गर्भावस्थेंतच केलेला असतो. गुणसूत्रांच्या नकला झालेल्या असतात, जोडीदार एकमेकांना भिडून आपले कांहीं तुकडे अदलाबदल करून घेतात, आणि तशाच गुंतलेल्या अवस्थेंत सर्व कारभार थांबतो. हा पहिला थांबा होय. भोंवतालच्या सोबती पेशी बीजांडाला ‘अजून थांब’ असा रासायनिक निरोप सतत पाठवीत राहतात. तो निरोप बंद होतो केव्हां? वयांत आल्यानंतर, एखाद्या महिन्यांत, मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून विशिष्ट स्राव एकदम उसळतो तेव्हां; आणि तोहि त्या महिन्यांत पक्व झालेल्या एखाद्याच बीजांडापुरता. कोणाची पाळी पंधराव्या वर्षीं येते, कोणाची पंचेचाळिसाव्या. ज्याची शेवटीं आली, त्यानें तितकीं वर्षें अर्धवट विभाजनांत काढलेलीं असतात.

स्राव उसळल्यावर दीड दिवसाच्या आंत पहिलें विभाजन पुरें होतें. दुसरें लगेच सुरू होतें, पण मध्यावर येऊन पुन्हां थांबतें. हा दुसरा थांबा. याच स्थितींत बीजांड बीजकोशांतून बाहेर पडतें आणि सुमारें एक दिवसपर्यंत शुक्रजंतूची वाट पाहतें. तो न आल्यास तें विभाजन पुरें न करतांच नष्ट होतें. तो आंत शिरला, तरच दुसरें विभाजन संपतें. हा थांबा नसता, तर बीजांडानें शुक्रजंतूची वाट न पाहतां एकट्यानेंच गर्भरचनेस आरंभ करण्याचें भय होतें. यांतून एक मौजेची गोष्ट निघते: पूर्णपणें सिद्ध झालेलें, पण अद्याप फलित न झालेलें असें स्त्रीबीज मानवी शरीरांत कधीं असतच नाहीं.

आतां वांटणीचा प्रश्न. चार शुक्रजंतु झाले, तशीं चार बीजांडें कां होत नाहींत? एखाद्या घरांतील वाटणी डोळ्यांपुढें आणावी. घरांत दस्तऐवजांची पेटी आहे आणि धान्याचें कोठार आहे. दस्तऐवजांची संख्या निम्मी झालीच पाहिजे, ही अट टळत नाहीं. पण कोठाराचे चार वाटे केले, तर कोणाचाच पावसाळा निघणार नाहीं. बीजांड हें शरीरांतील अत्यंत मोठ्या पेशींपैकीं आहे. त्याचा व्यास सुमारें एकदशांश मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखें दिसूं शकेल इतका. हा सर्व ऐवज पुढच्या प्रवासाची शिदोरी असते. फलनानंतर गर्भाला गर्भाशयाच्या भिंतींत रुजेपर्यंत सहा-सात दिवस लागतात, आणि तोंपर्यंत आईच्या रक्तांतून पोषण मिळण्याची सोय नसते. शिवाय पहिले दोन-तीन दिवस गर्भाचीं स्वतःचीं गुणसूत्रें जवळजवळ मुकींच असतात. पेशी दुभागत राहतात त्या आईनें आधीं भरून ठेवलेल्या द्रव्यांवर आणि आज्ञांवर.

म्हणून विभाजनाच्या वेळीं गुणसूत्रें ओढून घेणारी तंतूंची चाती पेशीच्या मध्यावर न राहतां एका कडेला सरकते. तेथें एक लहानसा फुगवटा येतो. गुणसूत्रांचा एक संपूर्ण वाटा त्यांत जातो आणि नांवापुरता रस घेऊन तो तुटून पडतो. बीजांडाच्या ध्रुवाशीं दिसतो, म्हणून त्याला ध्रुवपिंड म्हणतात. दुसऱ्या विभाजनांत दुसरा ध्रुवपिंड पडतो. पहिला पुन्हां दुभागला तर तीन, नाहीं तर दोन. ते कांहीं काळानें विरून जातात. दस्तऐवज न्यायानें वांटले गेले, कोठार मात्र अखंड एकाकडे राहिलें. चारांपैकीं एकच बीजांड कां, याचें उत्तर हें आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. समजा, एक स्त्री 1985 च्या जानेवारींत जन्मली आणि तिचें एक बीजांड 2025 सालीं बाहेर पडलें. त्या बीजांडानें विभाजनास आरंभ केला तो 1984 सालीं, आजीच्या उदरांत. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारीं प्रथिनांचीं कडीं त्याच वेळीं घातलीं गेलीं. उंदरांवरील प्रयोगांवरून असें दिसतें, कीं हीं कडीं पुढें नव्यानें घातलीं जात नाहींत, आणि काळानुसार झिजून कमी होतात. चाळीस वर्षांनंतर ओढण्याची वेळ आली, आणि एकविसाव्या क्रमांकाची जोडी नीट विभागली गेली नाहीं. दोघेहि जोडीदार बीजांडांतच राहिले. ध्रुवपिंडांत 22 गेलीं, बीजांडांत 24 उरलीं. शुक्रजंतूनें आपलीं 23 आणलीं. बेरीज 47 झाली. हाच डाऊनचा विकार. डॉ. डाऊन यानें त्याचें वर्णन 1866 सालीं केलें. जादा गुणसूत्राचा शोध 1959 सालीं प्रसिद्ध झाला. जादा गुणसूत्र दहांपैकीं सुमारें नऊ वेळां आईकडून येतें, आणि बहुधा पहिल्या विभाजनांतील चुकीमुळें. चूक उलट होऊन बीजांडांत 22 च राहिलीं, तर बहुधा गर्भ टिकतच नाहीं. उतारवयांतील पुष्कळ गर्भपातांचें मूळ अशाच बेरीज-वजाबाकींत असतें.

ऐन विशींत असा विकार सुमारें दीड हजार जन्मांत एकदां आढळतो, पस्तिशींत साडेतीनशेंत एकदां, चाळिशींत शंभरांत एकदां. म्हणजे चाळिशींतहि नव्याण्णव मुलें या विकारापासून मुक्त असतात, आणि तरुण मातेसहि पूर्ण अभय नाहीं. निदान अंदाजावर सोडूं नये. मुलाच्या रक्तांतील पेशींचीं गुणसूत्रें मोजलीं, कीं 47 स्पष्ट दिसतात. शंभरांत तीन-चार मुलांत मात्र जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला आढळतो. तो कधीं आईबापांपैकीं एकाकडून परंपरेनें येतो, आणि तेथें पुढच्या अपत्याचा धोका वयावर अवलंबून राहत नाहीं. म्हणून ही तपासणी वगळूं नये. गर्भारपणीं दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तावरून संशय कळतो. खात्री गर्भजलाच्या परीक्षेनें होते.

पुरुषाचें वय निर्दोष आहे, असेंहि कोणी समजूं नये. त्याच्या मूळ पेशी सतत दुभागत असल्यानें प्रत्येक नकलेंत अक्षराची चूक होण्याचा संभव वर्षागणिक वाढतो. हातपाय आंखूड राहून ठेंगणेपणा येणारा एक जन्मजात विकार आहे; तो घराण्यांत नसतां नव्यानें उद्‌भवला, तर चूक जवळजवळ नेहमीं पित्याच्या बीजांतील असते. एकाकडे दीर्घ प्रतीक्षेंत वांटणी चुकते, दुसऱ्याकडे अखंड नकलेंत लेखणी चुकते.

यांतील कोणतीहि चूक ग्रहणाच्या दिवशीं चिरलेल्या भाजीनें होत नाहीं, आणि पुरविलेल्या डोहाळ्यांनीं टळत नाहीं. ज्या क्षणीं ती घडली, त्या क्षणीं गर्भ नव्हता. ज्या काळीं तिची तयारी झाली, त्या काळीं ती माता स्वतःच गर्भांत होती. तिला बोल लावण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं एवढा हिशेब अवश्य मांडून पाहावा.