‘आता तुम्ही म्हणाल...’

भूशास्त्राचा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीची वही सहज चाळली. विषय होता कोयनेचा भूकंप. पहिलीच ओळ होती : ‘दख्खनचं पठार स्थिर. इथे मोठा भूकंप होत नाही.’ शब्द माझेच होते, पण मी सांगितलं होतं ते नेमकं याच्या उलट.

वर्गात मी म्हणालो होतो, ‘दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होणार नाही, असं बराच काळ मानलं जायचं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे मात्र हा समज मोडला.’ वाक्याचा पहिला भाग लिहिण्यात ती गुंतली आणि ‘मानलं जायचं’ व ‘मात्र’ हे शब्द निसटले. वाचताना चुकलं तर डोळे मागे नेता येतात, ऐकताना ती सोय नसते. म्हणून बोलणारा वाटेत खुणेचे शब्द पेरत जातो. ते विषयाची माहिती देत नाहीत, पुढे काय येणार ते सांगतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो विरोधाच्या खुणांमध्ये. ‘असं म्हणतात’, ‘वरवर पाहता’, ‘हे खरं असलं तरी’ असं काही कानावर आलं की पेन थांबवावं, कारण वक्ता आधी दुसऱ्याचं मत मांडतोय. त्याचं स्वतःचं म्हणणं ‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’ या शब्दांच्या पलीकडे असतं. त्याच तासात मी पुढे म्हणालो, ‘आता तुम्ही म्हणाल, धरणातल्या पाण्याच्या वजनाने जमीन हलली. वजनाचा वाटा आहेच. पण खरा मुद्दा असा, की पाणी खडकांच्या भेगांत शिरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकायला मोकळा होतो.’ अर्ध्या वर्गाने ‘पाण्याचं वजन’ एवढंच लिहिलं होतं.

‘आता’ हा शब्द जपून ऐकावा लागतो. ‘आता बघा’ म्हटलं की तोच मुद्दा पुढे चालतो. ‘आता तुम्ही म्हणाल’ म्हणजे एक शंका उभी केली जातेय, तिचं उत्तर लगेच येईल. आणि वक्ता क्षणभर थांबून, फळा पुसून, वरच्या पट्टीत ‘बरं, आता...’ म्हणाला की विषय बदलला. शब्द तोच असतो, फरक कळतो तो आधीच्या विरामावरून आणि आवाजाच्या चढावरून. तिथे वहीत एक ओळ सोडून नवं शीर्षक लिहावं.

‘उदाहरणार्थ’, ‘समजा’, ‘आपल्याकडचंच बघा’ या शब्दांनंतर मात्र हात सैल सोडायला हरकत नाही. भेगांतल्या पाण्याचा दाब समजावताना मी ओल्या फरशीवरच्या जड कपाटाचं उदाहरण दिलं. वहीत ‘ओली फरशी, कपाट’ एवढं पुरे. काहींनी कपाटाचं अख्खं वर्णन उतरवलं, आणि त्यामागून आलेलं ‘असो, तर सांगायचं हे की...’ त्यांच्या कानांवरून गेलं. हा ‘असो’ मला फार मोलाचा वाटतो. आडवाट संपली, मूळ रस्त्यावर परत आलो, हे तो दोन अक्षरांत सांगतो.

सगळ्या खुणांचं वजन सारखं नसतं. क्रेग चॉड्रन आणि जॅक रिचर्ड्स यांनी 1986 मध्ये, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. व्याख्यानाची मांडणी उलगडणाऱ्या मोठ्या खुणांमुळे त्यांच्या लक्षात जास्त राहिलं, ‘वेल’, ‘सो’ यांसारख्या छोट्या शब्दांनी तसा फायदा दिसला नाही. मराठीतही प्रत्येक ‘तर’ आणि ‘म्हणजे’ टिपायला गेलं तर दमछाक होईल. ते बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा श्वास असतात. आणि ज्या शिक्षकांना प्रत्येकच वाक्य ‘फार महत्त्वाचं’ वाटतं, त्यांच्या त्या शब्दावर विसंबू नये. ते कशासाठी पुन्हा फळ्याकडे वळतात, कोणतं वाक्य दोनदा म्हणतात, तिकडे लक्ष द्यावं.

त्या मुलीला मी एक सराव दिला. मुद्रित केलेल्या व्याख्यानाची पाच मिनिटं ऐकायची आणि माहिती अजिबात न लिहिता फक्त खुणेचे शब्द एकाखाली एक उतरवायचे. मग तेच पुन्हा लावून प्रत्येक खुणेपुढे तीन-चार शब्द भरायचे. खुणांमधलं अंतर कुठे वाढतं आणि कुठे त्या दाटीवाटीने येतात, हे त्यातून कळू लागतं.

पंधरा दिवसांनी किल्लारीवर तास होता. सुरुवातीला मी म्हणालो, ‘1993च्या या भूकंपाच्या तीन बाजू बघू.’ ‘तीन’ ऐकताच तिने पानावर जागा सोडत 1, 2, 3 असे आकडे घातले. पहिल्या दोन बाजूंमध्ये वेळ गेला आणि घंटा झाली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती. तीनचा आकडा कोरा होता.

‘सर, तिसरी बाजू राहिली.’

माती-दगडाच्या जाड भिंतींच्या घरांबद्दल बोलायचं खरंच राहून गेलं होतं.