राग आधी ओसरतो, रडू मागे राहतं
संध्याकाळी साडेसहाची वेळ. किराणा दुकानात गर्दी आहे. तीन वर्षांच्या मुलीला काउंटरवर टांगलेलं वेफर्सचं पाकीट हवंय आणि आई ‘आज नाही’ म्हणालीये. पुढच्या क्षणी मुलगी फरशीवर लोळण घेते, पाय आपटते, भोकाड पसरते. रांगेतले सगळे वळून बघतात. आईचे कान तापतात. मागून एक आजोबा म्हणतात, “देऊन टाका हो, पोर रडतंय.”

या काही मिनिटांत मुलीच्या आत काय चाललेलं असतं, याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. अमेरिकेतले मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या 335 मुलांच्या आईवडिलांकडून अशा एकेका प्रसंगाचं क्षणाक्षणाचं वर्णन लिहून घेतलं. 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं. नंतर जेम्स ग्रीन यांच्याबरोबर पोटेगल यांनी लहानग्यांच्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन शिवून घरातलं खरं रडणं-ओरडणं ध्वनिमुद्रित केलं. पूर्वी समज असा होता, की मूल आधी रागावतं आणि राग संपल्यावर त्याला वाईट वाटू लागतं. नोंदींतून वेगळंच दिसलं. किंचाळणं, लाथा मारणं, वस्तू फेकणं हा राग सुरुवातीलाच कळसाला जातो आणि भराभर उतरतो. दुःख मात्र पहिल्यापासून सोबत असतं. राग उतरला, की हुंदके आणि आईला बिलगणं तेवढं उरतं. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आत आटोपतात.

दुकानातल्या आईने काय करायचं, ते यावरून ठरतं. किंचाळणं चालू असताना ‘का रडतेस? काय झालं? घरी गेल्यावर बघू का?’ असे प्रश्न विचारू नयेत. त्या घडीला मुलीला प्रश्न कळून उत्तर सुचत नाही, आणि प्रत्येक प्रश्नाने राग नव्याने पेटतो. समजावण्याचंही तसंच. आईने तिला वाटेतून उचलून कडेला न्यावं, शेजारी उकिडवं बसावं आणि एकच वाक्य हळू आवाजात म्हणावं: “राग आलाय तुला. मी इथेच आहे.” मग गप्प राहावं. गप्प राहणं फार जड जातं, पण इथे तेच उपयोगी पडतं. ती मारायला लागली तर हात हलकेच धरावा. रस्त्याकडे धावली तर उचलून घ्यावं, तिथे वाट बघत बसू नये.

किंचाळी जाऊन हुंदके सुरू झाले, की आपली वेळ आली. आता मांडीवर घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, दोन घोट पाणी द्यावं. तिला जवळ घेतलं म्हणजे हट्ट पुरवला, असं नाही. पाकीट दिलं, तर मात्र पुरवला. तेही चौथ्या मिनिटाला दिलं, तर चार मिनिटं रडलं की मिळतं हे ती पक्कं शिकते, आणि पुढच्या वेळी तेवढी तयारी ठेवून येते. द्यायचंच असेल तर रडण्याआधी, मोकळ्या मनाने द्यावं.

दर वेळी क्रम तोच ठेवावा: कडेला नेणं, एक वाक्य, गप्प बसणं, मांडी, पाणी. आजी, बाबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांनी तोच. फुंकर मारून श्वास सोडायला शिकवायचं असेल, तर ते आंघोळीनंतर, खेळता खेळता शिकवावं. ऐन रडण्यात ते जमत नाही. आणि घड्याळाकडे लक्ष असू द्यावं. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1931 मध्येच आयांच्या रोजनिशींवरून दाखवलं होतं, की जेवणाआधी आणि दमल्यावर असे प्रसंग वाढतात. साडेसहाला दुकानात जाण्याआधी एक केळं खायला घालणं सोपं आहे.

आता त्या तापलेल्या कानांविषयी. ज्या आईला आत्ता मेल्याहून मेल्यासारखं वाटतंय, तिला मला सांगावंसं वाटतं, की या वयात हे घडणं म्हणजे तुमचे संस्कार कमी पडणं नव्हे. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तीन वर्षांच्या मुलात अजून कच्चाच असतो. मूल सर्वांत मोकळेपणी रडतं तेही आपल्या माणसापुढेच. आजोबांना इतकंच म्हणा, “दमलीये ती काका, होईल शांत दोन मिनिटांत.” ते वाक्य त्यांच्याइतकंच तुमच्यासाठीही आहे. सासूबाई सोबत असतील, तर घरून निघतानाच सांगून ठेवा, “आई, ती रडली तर आपण थोडं थांबू या, लगेच काही द्यायला नको.”

काही खुणा मात्र थांबून बघण्याच्या नाहीत. मूल वारंवार स्वतःला चावत, ओरबाडत किंवा डोकं आपटत असेल, प्रसंग सहसा 25 मिनिटांच्या पुढे जात असतील, किंवा कोणाच्या मदतीशिवाय ते कधीच शांत होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. रडता रडता श्वास अडकून मूल निळं पडत असेल, तरीही दाखवावं. अशा काही मुलांत लोहाची कमतरता सापडते आणि ती औषधाने भरून काढता येते.