विश्लेषण : सहा लाखांचे मशीन नेमके कधी 'सुटते'?

वसई पूर्वेला चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यालगतच्या गाळ्यांमध्ये नवे मशीन घ्यायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पैसे कधी सुटणार? बहुतेक वेळा उत्तर तोंडी हिशेबात मिळते. वर्षाला पावणेदोन लाख सुटले, तर सहा लाखांचे मशीन साडेतीन वर्षांत मोकळे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कसे, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

हिशेबात काय धरायचे?

समजा, कामणमधील एका गाळेधारकाला सेकंड हँड इंजेक्शन मोल्डिंग मशीन घ्यायचे आहे. मशीन ५ लाख ४० हजारांचे. टेम्पो, क्रेन आणि वायरिंगचे ६० हजार. म्हणजे सुरुवातीला ६ लाख जाणार. एका पार्टीकडून चार वर्षांच्या जॉबवर्कची खात्री आहे, पाचवे वर्ष मिळेल अशी आशा आहे.

जॉबवर्कच्या पैशांतून लाइट बिल, ऑपरेटरचा पगार, दुरुस्ती आणि कर वजा केल्यावर हातात उरणारी रोकड तेवढी मोजायची. घसारा वजा करायचा नाही, कारण तो खिशातून जात नाही. त्यामुळे कर कमी होतो, इतकाच त्याचा संबंध. कर्जाचा हप्ताही इथे धरायचा नाही. व्याज पुढे दरातून येणारच आहे, हप्ता धरला तर ते दोनदा कापले जाते. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

संचित रोकड कशी मांडतात?

पहिल्या ओळीत उणे ६ लाख. पुढे दरवर्षीची रोकड मिळवत जायची. बेरीज उणेतून अधिकमध्ये जाते, ते वर्ष पेबॅकचे. डिस्काउंटेड पेबॅकमध्ये हीच बेरीज करतात, पण प्रत्येक वर्षाची रोकड आधी आजच्या किमतीत आणून. चार वर्षांनी मिळणारा रुपया आजचा रुपया नव्हे. इथे दर १२ टक्के धरला आहे.

| वर्ष | रोकड | साधी बेरीज | आजच्या किमतीतील बेरीज |
|---|---|---|---|
| ० | -६,००,००० | -६,००,००० | -६,००,००० |
| १ | १,५०,००० | -४,५०,००० | -४,६६,०७१ |
| २ | २,००,००० | -२,५०,००० | -३,०६,६३२ |
| ३ | २,००,००० | -५०,००० | -१,६४,२७६ |
| ४ | १,८०,००० | १,३०,००० | -४९,८८३ |
| ५ | १,५०,००० | २,८०,००० | ३५,२३१ |

साध्या बेरजेत तिसऱ्या वर्षाअखेर ५० हजार बाकी आहेत आणि चौथ्या वर्षात १ लाख ८० हजार येणार आहेत. ५० भागिले १८० म्हणजे वर्षाचा साधारण ०.२८ भाग. उत्तर : तीन वर्षे सव्वातीन महिने. उजव्या रकान्यात चौथ्या वर्षाअखेर ४९,८८३ रुपये बाकी राहतात आणि पाचव्या वर्षाची आजची किंमत ८५,११४ आहे. उत्तर : चार वर्षे सात महिने.

मोबाइलवर कसे करायचे?

शीटमध्ये वर्ष A, रोकड B, साधी बेरीज C, आजची किंमत D आणि तिची बेरीज E रकान्यात ठेवा. शून्य वर्ष दुसऱ्या ओळीत येईल. C2, D2 आणि E2 मध्ये उणे ६ लाखच लिहा. तिसऱ्या ओळीत ही सूत्रे टाकून खाली ओढा :

```
C3: =C2+B3
D3: =B3/(1+12%)^A3
E3: =E2+D3
```

पुढची रोकड अधिक असताना डिस्काउंटेड पेबॅक साध्यापेक्षा लवकर आला, तर कुठेतरी चूक आहे. बहुधा D मध्ये भागाकाराऐवजी गुणाकार झालेला असतो.

मग मशीन घ्यायचे का?

खरी अडचण चौथ्या वर्षाअखेर आहे. पार्टीने पुढे काम दिले नाही, तर साध्या हिशेबात मशीन सुटून वर १ लाख ३० हजार राहिलेले दिसतात. उजवा रकाना मात्र उणेतच थांबतो. मशीनची किंमत वसूल झाली, पण त्या पैशांवरचे १२ टक्के पूर्ण वसूल झाले नाहीत. कर्ज त्याच दराचे असेल, तर हा खड्डा मालकालाच भरावा लागतो.

तो किती मोठा आहे, हेही काढता येते. ४९,८८३ ला १.१२ ने चार वेळा गुणले की सुमारे ७८,५०० येतात. म्हणजे चार वर्षांनी मशीन विकून कर आणि वाहतूक वजा जाता एवढे हाती आले, तर रकाना शून्यावर येतो. सेकंड हँड मशीन चार वर्षे आणखी जुने झाल्यावर किती भावात जाईल, हे व्यवहार ठरवण्याआधी जुन्या मशीनच्या दोन-तीन डीलरांना विचारलेले बरे.