कर्जरोख्याच्या जादा व्याजात दडलेले दोन हिशेब

कंपनीच्या कर्जरोख्यावर सरकारी रोख्यापेक्षा जास्त परतावा मिळतो. दोन परताव्यांची सरळ वजाबाकी म्हणजे साधा स्प्रेड. पण हा आकडा कंपनीच्या जोखमीचे निखळ माप नसतो.

समजा, एक, दोन आणि तीन वर्षांनी मिळणाऱ्या रकमेसाठी सरकारी दर अनुक्रमे 5, 6 आणि 7 टक्के आहेत. अशा वेळी तीन वर्षांच्या, दर्शनी किमतीला विकल्या जाणाऱ्या सरकारी रोख्याचा परतावा सुमारे 6.91 टक्के येतो. एका कंपनीचा 8 टक्के व्याजाचा रोखा मुद्दल तीन समान वार्षिक हप्त्यांत फेडतो. बाजारात त्याची किंमत 99.58 रुपये असेल, तर परतावा 8.24 टक्के आणि साधा स्प्रेड 1.33 टक्के. ही तुलनाच चुकीची आहे. सरकारी रोख्याचे मुद्दल तिसऱ्या वर्षी एकरकमी मिळते, तर इथे बराच पैसा आधीच, म्हणजे कमी दराच्या काळात हाती येतो.

झेड-स्प्रेड हा दोष काढतो. 41.33, 38.67 आणि 36 रुपयांची प्रत्येक रक्कम तिच्या स्वतःच्या मुदतीच्या सरकारी दराने आजच्या किमतीत आणायची आणि तिन्ही दरांत एकच आकडा मिळवायचा, बेरीज 99.58 भरली की तो आकडा झेड-स्प्रेड. इथे दर 7, 8 आणि 9 टक्के घेतल्यावर हिशेब जुळतो, म्हणजे झेड-स्प्रेड 2 टक्के. एकरकमी परतफेडीच्या रोख्यात मात्र हा फरक सहसा फारच थोडा असतो. भारतात अशा मुदतनिहाय दरांची वक्ररेषा क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया तयार करते.

झेड-स्प्रेड रकमा ठरल्या वेळीच येतील असे गृहीत धरतो. कंपनीला मुदतीआधी रोखा परत घेण्याचा हक्क असेल, तर हे गृहीतक कोसळते. दर उतरले की कंपनी जुने महाग कर्ज फेडते आणि गुंतवणूकदाराचा पैसा नेमका स्वस्ताईत परत येतो. या हक्काचा मोबदला झेड-स्प्रेडमध्ये मिसळलेला असतो. ऑप्शन-अ‍ॅडजस्टेड स्प्रेड तो वगळतो. त्यासाठी भावी दरांच्या अनेक शक्य वाटा आखून, प्रत्येक टप्प्यावर कंपनी रोखा परत घेईल का हे तपासले जाते. मग सर्व वाटांवर दरांत एकच आकडा मिळवून बाजारभाव जुळवतात. झेड-स्प्रेड 2 टक्के आणि हा आकडा 1.40 आला, तर हक्काची किंमत 0.60 टक्के. उरलेल्या 1.40 मध्ये प्रामुख्याने कर्ज बुडण्याची जोखीम आणि रोखा सहज न विकला जाण्याचा मोबदला असतो. परत विकण्याचा हक्क गुंतवणूकदाराकडे असेल, तर उलट हा स्प्रेड झेड-स्प्रेडपेक्षा मोठा निघतो.

कच्चा दुवा आहे तो दरांच्या चढउताराच्या अंदाजात. अंदाज वाढवला की कंपनीचा हक्क महाग ठरतो आणि तोच रोखा, त्याच भावाला, कमी स्प्रेड दाखवतो. म्हणून दोन संस्थांनी दिलेले आकडे ताडून पाहण्याआधी दोघांनी चढउताराचा अंदाज कोणता घेतला, हे अवश्य विचारावे.